सुगीच्या जेवणाची मधली मांडणी : फळं, मेणबत्त्या आणि घरातल्या बरण्या (प्रकल्प नोंदी)

४ ऑक्टोबर

काम ठरलं. २५ तारखेला सुगीचं जेवण आहे, सहा माणसं, आणि टेबलाच्या मधली मांडणी माझ्याकडे. फुलं घ्यायची नाहीत. त्या वेळी बाजारात जी फळं असतील ती, मेणबत्त्या आणि घरात पडून असलेली भांडी एवढ्यावरच भागवायचं.

पहिल्यांदा टेप घेऊन बसलो. टेबल १८० सेंटिमीटर लांब आणि ९० रुंद आहे. तीन जण या बाजूला, तीन त्या बाजूला, दोन्ही टोकं रिकामी. जेवणाचं ताट आणि त्याच्या पुढची कड धरली तर प्रत्येक बाजूचे साधारण ३० सेंटिमीटर जातात, म्हणजे मधे ३० उरतात. पण पाण्याचे पेले ताटाच्या पुढेच येतात आणि ते या ३० मधूनच जागा घेतात. मांडणीला खरं तर २० ते २२ सेंटिमीटरची पट्टी मिळते. बहुतेक मांडण्या इथेच फसतात. टेबल रिकामं असताना मधे भरपूर जागा दिसते, ताटं लागली की सगळं कडेकडे सरकायला लागतं.

मग उंची. आईला खुर्चीत बसवलं आणि टेबलापासून तिच्या डोळ्यांपर्यंत मोजलं. साधारण ४० सेंटिमीटर आले, हनुवटीपर्यंत २८. समोरच्या माणसाचा पूर्ण चेहरा दिसायचा असेल तर मधे ३० च्या वर काहीच येऊन चालणार नाही. आणि चेहऱ्याबरोबर हातही दिसावेत असं मला वाटतं, कारण माणसं जेवताना हातांनी बोलतात. म्हणून फळांची हद्द १८ ठेवतो. आई म्हणाली, "आणि ज्योत माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस बाबा, मग मला पलीकडचं कोणीच दिसत नाही." हे अगदी खरं आहे. डोळ्याच्या पातळीवरची ज्योत स्वतःच एवढी उजळ असते की तिच्यामागचा चेहरा काळवंडतो. उंच, सडपातळ मेणबत्त्या सुंदर दिसतात, पण त्यांची ज्योत सुरुवातीला उंच असली तरी मेण जळत जाईल तशी खाली येते आणि जेवण ऐन रंगात असताना नेमकी डोळ्यांसमोर थांबते. म्हणून उंच मेणबत्त्या बाद. सगळ्या ज्योती खाली, बरण्यांच्या आत.

६ ऑक्टोबर

भांडी गोळा केली. जॅमच्या आणि लोणच्याच्या काचेच्या बरण्या, सुटे पडलेले पेले, दोन खोलगट स्टीलच्या वाट्या, पाव भाजायचा जुना लांबट साचा, मातीची एक पसरट थाळी.

मातीची थाळी कच्ची आहे, आतून चकाकी दिलेली नाही. अशा भांड्यातून ओल झिरपते आणि खाली टेबलावर गोल डाग उठतो. तिला आत एक बशी ठेवूनच वापरेन. लांबट साचा मात्र मनाजोगता आहे. तो ११ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या पट्टीत सहज बसतो, आणि कडा उभ्या असल्यामुळे फळं घरंगळत नाहीत. पसरट, गोल बाऊलमध्ये फळं रचायची तर ढीग टिकण्यासाठी बरीच फळं लागतात आणि एक उचललं की बाकीची सरकतात.

बरण्यांची लेबलं काढली. गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवल्यावर कागद निघतो, चिकटा राहतो. त्यावर खाण्याचं तेल आणि खायचा सोडा कालवून चोळला, की दहा मिनिटांत काच साफ. शेवटी पुन्हा साबणाने धुवायला हवं. तेलाचा हात राहिला तर ज्योतीच्या उजेडात काचेवर ढगासारखा पट्टा दिसतो.

प्रत्येक काच उजेडासमोर धरून कडेवरून आणि तळावरून नख फिरवलं. चीर किंवा टवका असलेली काच मेणबत्तीला द्यायची नाही. काच सगळीकडे सारखी तापत नाही, एक भाग गरम आणि दुसरा गार राहिला की तिच्यात ताण येतो, आणि हा ताण जुन्या चिरेवरच सुटतो. पातळ पेलेही याच कारणाने बाजूला काढले. जॅमच्या बरण्यांत मुळात गरम माल भरला जातो, त्या जाड आणि जास्त सोशिक असतात.

९ ऑक्टोबर

आजचा दिवस ज्योतीचा. फळं नंतर, आधी उजेड. बरणीत मेणबत्ती नीट जळली नाही तर वरची सगळी सजावट फुकट आहे.

मेणबत्त्या साध्या छोट्या, पत्र्याच्या कपातल्या घेतल्या, ज्यांना टी-लाइट म्हणतात. रुंदी जेमतेम ४ सेंटिमीटर, आणि साधारण चार तास जळतात, म्हणजे एक जेवण पुरतं. वासाच्या मेणबत्त्या अजिबात नकोत. जेवणाचा वास आणि फळांचा वास एकमेकांत मिसळतात, त्यात तिसरा कृत्रिम वास आला की दोन्ही बिघडतात.

पहिल्यांदा उंच, अरुंद तोंडाची बरणी घेतली. टी-लाइट तळाशी ठेवून पेटवला. पहिली काही मिनिटं ठीक होती. मग ज्योत लांबट आणि पिवळी झाली, उड्या मारायला लागली आणि काचेला वर काळा पट्टा धरू लागला. कारण सरळ आहे. गरम हवा तोंडातून वर जायला बघते आणि ताजी हवा त्याच तोंडातून खाली यायला बघते. तोंड अरुंद आणि ज्योत खोल असली की दोघींची गर्दी होते, ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही आणि अर्धवट जळलेलं मेण काजळी होऊन वर चढतं. ज्योत ठरावीक लयीत लहान-मोठी होऊ लागली की समजावं, हिला श्वास कमी पडतोय. काजळी त्यानंतर येते.

यावर उपाय म्हणजे मेणबत्तीला वर उचलणं. बरणीत खाली थर घातला आणि मेणबत्ती इतकी वर आणली की ज्योतीचं टोक तोंडापासून चार-पाच सेंटिमीटर खाली राहील. एवढी कड वर असली की दारातून येणारी झुळूक ज्योतीला लागत नाही, आणि हवाही मोकळी खेळते. रुंद तोंडाच्या जॅमच्या बरणीत हे लगेच जमलं, ज्योत स्थिर उभी राहिली. अरुंद तोंडाच्या बरणीत थर वाढवूनही ती थोडी लवलवत होती. अरुंद बरण्या रद्द.

थर कशाचा द्यायचा हेही बघितलं. बरेच जण तांदूळ किंवा डाळ घालतात, दिसायला छान दिसते. मी घालणार नाही, कारण धान्य जळतं, आणि वातीचा एखादा पेटता तुकडा खाली पडला तर ते धुमसत राहतं. वाळू आणि जाडं मीठ जळत नाहीत. वाळू थोडीशी दमट होती तर बरणीच्या आत धुकं धरलं आणि उजेड निम्मा झाला. तव्यावर कोरडी करून घेतल्यावर साफ. तरी शेवटी मीठ निवडलं. ते पांढरं असल्यामुळे ज्योतीचा उजेड वर परततं आणि बरणी खालूनही उजळते. दमट हवेत ते पाणी धरतं, म्हणून त्याच दिवशी दुपारी भरायचं, आधी भरून ठेवायचं नाही.

स्टीलच्या वाटीत टी-लाइट ठेवूनही पाहिला. चकाकी सुरेख येते, पण धातू उष्णता खाली पोचवतो आणि वाटीचा तळ हाताला चांगलाच लागतो. टेबलावर पॉलिश असेल तर पांढरा डाग पडू शकतो. त्यातून एका वाटीत तीन-चार टी-लाइट एकत्र ठेवण्याचा मोह होतो, तो टाळायचाच. एकमेकांच्या उष्णतेने त्यांचं सगळं मेण पातळ होतं, ज्योती मोठ्या होतात आणि मेणच पेट घेऊ शकतं. एका भांड्यात एकच ज्योत. वाट्या फळांसाठी.

१० ऑक्टोबर

छोटी नोंद. वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवायची. लांब वात म्हणजे मोठी ज्योत आणि काजळी. नव्या टी-लाइटची वात बहुतेक लांब आणि वाकडी येते. नेलकटरने कापणं सोपं पडतं, कात्री कपात नीट जात नाही.

१३ ऑक्टोबर

आज रंगांची तपासणी, आणि या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

बाजारातून प्रत्येक फळ थोडं थोडं आणलं: लाल सफरचंद, पिवळसर हिरवी नासपती, काळी द्राक्षं, हिरवी द्राक्षं, डाळिंब, संत्रं, जांभळे प्लम. दुपारी खिडकीशी रचली तेव्हा काळी द्राक्षं आणि प्लम सगळ्यांत उठून दिसत होते. गडद जांभळा, त्यावर पांढुरकी झाक. कोणीही पहिल्यांदा तीच निवडेल.

अंधार पडल्यावर सगळे दिवे बंद केले, बरण्या पेटवल्या आणि डोळे सरावेपर्यंत थांबलो. जांभळं सगळं गायब झालं. काळी द्राक्षं म्हणजे नुसतं काळं भोक, प्लम तसेच. मेणबत्तीचा उजेड खूप तांबूस असतो. त्याचं रंगतापमान १९०० केल्विनच्या आसपास असतं, घरातला पिवळा बल्ब २७०० चा आणि दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. तांबूस उजेडात निळा भाग जवळजवळ नसतोच. जांभळं फळ जो निळा परत पाठवतं तो मुळात त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो, मग ते दिसणार कुठून.

उलट डाळिंबाने सगळं टेबल ताब्यात घेतलं. दिवसा ते मळकट लाल, खडबडीत दिसत होतं. ज्योतीजवळ त्याचा लाल आतून तापल्यासारखा वाटला. संत्रंही तसंच. सफरचंदाचा लाल टिकला आणि त्याच्या गुळगुळीत सालीवर प्रत्येक ज्योतीचा एक ठिपका उमटला. नासपती गंमतशीर निघाली. दिवसा तिचा पिवळा आणि हिरवा वेगळा दिसतो, ज्योतीत दोन्ही मिळून फिकट सोनेरी होतात. हिरवा रंग एकूणच मंदावतो, शेवाळी होतो. म्हणून पानं घालून जी ताजेपणाची झाक आणायची असते ती संध्याकाळी येत नाही. दिवसाच्या जेवणाला पानं खुशाल घालावीत.

पण आजचा खरा शोध हिरवी द्राक्षं. त्यांचा घड बरणीच्या पुढ्यात ठेवला, म्हणजे ज्योत मागे आणि बघणारा पुढे. उजेड द्राक्षातून आरपार आला. प्रत्येक मण्याच्या पोटात मधाचा रंग पेटला, बारीक शिरा दिसल्या, आणि बियांची द्राक्षं असल्यामुळे मधे दोन काळसर बिया स्पष्ट तरंगताना दिसल्या. हाच घड बरणीच्या मागे ठेवला तर साधा हिरवा ढीग. जागा बदलल्यावर एवढा फरक पडतो. ठरलं, हिरवी द्राक्षं नेहमी ज्योत आणि माणूस यांच्या मधे. टेबलाला दोन्ही बाजूंनी माणसं आहेत, त्यामुळे बरणीच्या अलीकडे एक घड आणि पलीकडे एक.

काळी द्राक्षं पूर्ण काढणार नाही. हिरव्या घडाशेजारी थोडी राहिली तर सावलीचं काम करतात, हिरवी आणखी उजळ वाटतात. पण शिताफीने, मूठभरच.

एक गोष्ट जपायची. द्राक्षं आणि प्लम यांच्या सालीवर जी पांढुरकी झाक असते ती फळाने स्वतः बनवलेली मेणासारखी पूड असते. बोट लागलं की तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो परत भरत नाही. ती झाक उजेड मऊ पसरवते, म्हणून घड देठाला धरून उचलायचा. मांडणीतली द्राक्षं आधी धुवायची नाहीत, खाण्याआधी धुवायची.

१५ ऑक्टोबर

वहिनीने सुचवलं होतं, "सफरचंदच कोरून त्यात मेणबत्ती ठेवा की. भांडंच लागणार नाही." हे खूप ठिकाणी करतात, म्हणून नीट करून बघितलं.

मोठं सफरचंद घेतलं, साधारण ८ सेंटिमीटर रुंद, तळ चपटा. टी-लाइटचा कप उलटा दाबून वर्तुळ आखलं आणि चमच्याने खोल केलं. कापलेल्या कडेला लिंबाचा रस लावला. कापल्यावर गर तपकिरी होतो कारण पेशी फुटतात आणि आतलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काम सुरू करतं. लिंबाचं आम्ल त्याला रोखून धरतं, कायमचं थांबवत नाही.

पहिला तास फार देखणा गेला. मग कपाच्या उष्णतेने कडेचा गर शिजायला लागला, रस सुटून खळग्यात साठला आणि कप एका अंगाला कलला. कललेल्या कपातलं वितळलेलं मेण एका बाजूला जातं, तिथली ज्योत मोठी होते. शिवाय ही ज्योत उघडी, काचेची आड नाही, आणि बाजूला द्राक्षांचे वाळके देठ. छोट्या स्वागतासाठी, तासाभरासाठी, आणि आजूबाजूला काही नसेल तर चालेल. चार तासांच्या जेवणासाठी नाही. वहिनीला दाखवलं, तिलाही पटलं. ते सफरचंद मग दुसऱ्या दिवशी शिजवून संपवलं.

१८ ऑक्टोबर

कोरडी तालीम. ताटं, पेले, वाढायची भांडी सगळं लावलं आणि मांडणी त्यात बसवली.

आधी सगळ्या बरण्या मधोमध एकत्र ठेवल्या. उभं राहून बघताना दिमाखदार. पण टोकाच्या खुर्चीत बसलो तर माझं ताट अंधारात. उजेडाचा हिशोब असा की अंतर दुप्पट झालं तर उजेड चौथाई उरतो. मधल्या माणसापासून ज्योती हाताच्या अंतरावर होत्या, टोकाच्या माणसापासून त्याच्या दुप्पट, आणि तेवढ्यानेच त्याच्या ताटातलं दिसेना. म्हणून सात बरण्या टेबलाच्या लांबीवर पसरल्या, ११० सेंटिमीटरमध्ये, एक थोडी डावीकडे, पुढची थोडी उजवीकडे अशा नागमोडी. एकीपासून दुसरी किमान १५ सेंटिमीटरवर. आता प्रत्येकाच्या समोर एक तरी ज्योत जवळची आहे. पसरलेल्या उजेडाचा आणखी फायदा असा की एकाच बाजूने खालून आलेला उजेड चेहऱ्यावर नाकाच्या उभ्या सावल्या पाडतो, अनेक ठिकाणांहून आलेला त्या पुसतो.

बरण्यांची उंची मुद्दाम वेगळी ठेवली. दोन बुटक्या, तीन मध्यम, दोन जरा उंच. ज्योती टेबलापासून ८ ते १६ सेंटिमीटरमध्ये राहतात. सगळ्या एका रेषेत असल्या तर रस्त्यावरच्या दिव्यांची रांग वाटते.

फळांची जागा: लांबट साचा मधे, दोन स्टीलच्या वाट्या दोन्हीकडे, आणि वाट्यांमधून द्राक्षं बाहेर टेबलावर उतरलेली. मातीची थाळी शेवटी घेतली नाही, ती बशी आत ठेवल्यावर फार रुंद होते. साच्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरले, वर फळांचा एकच थर. फळं निम्म्याहून कमी लागली आणि ढीग भरगच्च दिसतो. कागद कुठून दिसतोय का, हे खुर्चीत बसून आणि उभं राहून दोन्हीकडून बघावं.

आगीचा नियम मी एकच ठेवला आहे आणि तो सोपा आहे: ज्योतीच्या वर काहीही नाही. बाजूची उष्णता काचेमुळे आणि अंतरामुळे सोसते, पण वर जाणारा गरम हवेचा झोत बरणीच्या तोंडावर वीतभर उंचीवरही हाताला झोंबतो. बरणीच्या तोंडावरून एकही देठ, पान किंवा फांदी झुकता कामा नये. गव्हाच्या ओंब्या, वाळकी पानं, सुकं गवत हे सुगीचं म्हणून हमखास घातलं जातं. मी पूर्ण वगळलं. ताजं फळ पाण्याने भरलेलं असतं, ते पेटत नाही. वाळकी ओंबी क्षणात पेटते, आणि अशा वस्तूंना ज्योतीपासून निदान ३० सेंटिमीटर दूर ठेवायला हवं. आपल्या २२ सेंटिमीटरच्या पट्टीत ते शक्यच नाही.

वाढायची भांडी दोन्ही रिकाम्या टोकांना. त्यामुळे कोणाची बाही बरणीवरून जात नाही, टोकाजवळचा माणूस भांडं उचलून पुढे देतो.

२१ ऑक्टोबर

नासपती आणली, अजून कडक. नासपती आतून बाहेर पिकते, म्हणून पोटावर दाबून कळत नाही. देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबायचं, तिथे थोडी दबली की पिकली. मला जेवणाच्या दिवशी ती जेमतेम दबणारी हवी, म्हणजे उभी राहील आणि दुसऱ्या दिवशी खाता येईल.

सफरचंदं वेगळ्या खोलीत ठेवली. सफरचंद इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्याने शेजारची नासपती घाईने पिकते. एकाच टोपलीत आतापासून ठेवली असती तर २५ ला ती मऊ पडून सालीवर डाग आले असते. डाळिंब, संत्रं आणि द्राक्षं यांना ही चिंता नाही, ती तोडल्यावर पुढे पिकत नाहीत.

फळांवरचे स्टिकर आजच काढले, चिकट्यावर तेलाचं बोट.

२४ ऑक्टोबर

द्राक्षं आणली. घड उचलून हलकेच हलवला, मणी गळले नाहीत तोच घेतला. देठ हिरवा हवा. देठ तपकिरी झालेला घड उद्या रात्रीपर्यंत सुरकुतेल आणि सुकलेला देठ उजेडात काडीसारखा दिसतो. डब्यात सैल ठेवून फ्रिजमध्ये.

बरण्या पुन्हा एकदा कोरड्या पुसल्या, वाती कापल्या.

२५ ऑक्टोबर

दुपारी तीन वाजता द्राक्षं फ्रिजबाहेर. गार फळावर हवेतली वाफ बसते आणि टेबलक्लॉथवर ओले गोल उमटतात, म्हणून दोन-तीन तास आधी काढून जाळीवर ठेवली. पुसायची नाहीत, नाहीतर ती पांढुरकी झाक जाते. आपोआप सुकू द्यायची.

चारला बरण्यांत मीठ भरलं आणि टी-लाइट बसवले. कप मिठात थोडा रुतवला म्हणजे हलत नाही.

पाचला रचना. साच्यात आधी तीन नासपती, एक उभी आणि दोन कललेल्या. मग सफरचंदं, देठाची बाजू वेगवेगळ्या दिशेला, सगळ्यांचा देठ वर असेल तर दुकानातला ढीग वाटतो. संत्री दोन, साच्याच्या एका टोकाला, दोन्ही एकत्र. दोन टोकांना एक-एक ठेवलं की नजर मधे ठरत नाही. हिरवी द्राक्षं शेवटी, बरण्यांच्या दोन्ही अंगांना, काचेपासून बोटभर लांब. सगळ्यात उंच टोक नासपतीचं, १७ सेंटिमीटर.

डाळिंब पाहुणे यायच्या आधी अर्धा तास. सुरीने आडवं कापलं की दाणे फुटतात आणि रस वाहतो, आणि तो डाग कापडावरून सहज जात नाही. म्हणून मुकुटाकडचा भाग उथळ छेदून काढला, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषांवर सालीला उभे छेद दिले आणि हाताने उकललं. दाणे सगळे शाबूत. दोन पाकळ्या छोट्या बशीत ठेवून बशी साच्याला टेकवली, कापडावर थेट नाही. एक डाळिंब अख्खं, मुकुट माणसांकडे.

साडेसहाला पंखा बंद, खिडकी अर्धी. बरण्या लांब काडीने पेटवल्या, मधल्यापासून बाहेरच्याकडे, म्हणजे पेटत्या बरणीवरून हात न्यावा लागत नाही. पंधरा मिनिटांनी एक ज्योत लवलवत होती, तिची वात लांब राहिली होती. विझवून, मेण घट्ट होऊ देऊन, कापून परत लावली. छताचे दिवे मंद ठेवले, पूर्ण बंद नाही. ताटात काय आहे ते दिसायला हवं.

जेवण चाललं साडेदहापर्यंत. भांडी टोकांना होती त्यामुळे मधे कोणाला हात घालावा लागला नाही. समोरासमोरच्या माणसांच्या गप्पा अडल्या नाहीत, आणि आई मधल्या खुर्चीत बसून पलीकडच्या तिघांशीही बोलत होती. डाळिंबाचे दाणे जेवण संपता संपता लोकांनी उचलून खाल्ले. ते मला हवंच होतं, फक्त मेणाचा थेंबही फळावर पडला नव्हता म्हणून ते जमलं.

२६ ऑक्टोबर

आवरासावर. दोन टी-लाइट कपापर्यंत संपले होते, बाकीच्यांत थोडं मेण उरलं होतं. ते पुन्हा लावत नाही, कारण तळाशी जेमतेम मेण असताना वात कलंडते आणि कप फार तापतो. एका बरणीत कड ओलांडून मेण मिठावर सांडलं होतं. तो गोळा उचलून टाकला, बाकीचं मीठ चाळून पुढच्या वेळेसाठी डब्यात. काचेला चिकटलेलं मेण फ्रीजरमध्ये तासभर ठेवल्यावर आकसतं आणि बोटाने निघतं. गरम पाण्याने वितळवून सिंकमध्ये ओतायचं नाही, पाइपात पुन्हा घट्ट होतं.

कापडावर एक थेंब पडला होता, विझवताना. घट्ट झाल्यावर खरवडला, मग खाली-वर साधा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली. मेण कागदात उतरलं.

फळांचा हिशोब: सफरचंदं, संत्री, अख्खं डाळिंब जशीच्या तशी. नासपती आज नेमकी पिकली, दुपारी खाल्ली. बरणीजवळचा द्राक्षांचा एक घड थोडा मऊ पडला होता, तो वेगळा काढून आधी संपवला. फुटलेला मणी तसाच राहिला तर चिलटं जमतात, म्हणून वाट्या लगेच धुतल्या. बोळ्यांतला वरचा कागद किंचित ओला होता, तो काढून साचा उन्हात उलटा ठेवला.

पुढच्या वेळी बदल एकच. मधल्या बरणीच्या अलीकडे-पलीकडे हिरव्या द्राक्षांचे घड होते, पण टोकाच्या दोन बरण्यांपुढे नव्हते, आणि तिथे बसलेल्यांना तो आरपार उजेड दिसला नाही. दोन छोटे घड जास्त आणायचे, बाकी मापं हीच.